पिशवीतील, डब्यातील आणि बाटलीतील वाइन

ऑस्ट्रेलियात खोक्यातून विकल्या जाणाऱ्या वाइनला ‘कास्क’ असे म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ लाकडी पीप असा आहे. परंतु ज्या वस्तूला तो आज लावला जातो तिच्यात लाकडाचा अंशही नसतो. पुठ्ठ्याचे एक खोके, त्यात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीला बसवलेली तोटी, एवढाच हा सारा सरंजाम. भाषांतरकाराला अशा शब्दांपाशी क्षणभर थबकावे लागते. येथे मात्र हा शब्द अगदीच वावगा म्हणता येणार नाही, कारण पिंपातून हवे तेव्हा पेलाभर काढून घ्यावे ही जुनी सोयच या खोक्याने परत आणली, आणि तीही पिंपाचा एक मोठा दोष टाळून.

तो दोष असा. पिंपातून किंवा बाटलीतून जेवढी वाइन बाहेर निघते तेवढीच हवा तिची जागा घेण्यासाठी आत शिरते. हवेतील प्राणवायू वाइनशी संयोग पावतो आणि काही दिवसांतच तिचा ताजेपणा हरपतो. पांढऱ्या वाइनचा फिकट पिवळा रंग गडद होत जातो व कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास तिला येऊ लागतो; तांबडी वाइन विटकरी दिसू लागते आणि तिची फळासारखी चव मावळते. बूच काढलेली बाटली शीतपेटीत ठेवली तरी तीन ते पाच दिवसांपलीकडे ती मूळ गुणाची राहत नाही. पिशवीचे तसे नाही. वाइन बाहेर पडेल तशी पिशवी आपोआप आक्रसते, हवेला आत जागाच मिळत नाही, आणि म्हणून तोटी उघडल्यानंतरही चार ते सहा आठवडे वाइन पिण्याजोगी राहते.

ही कल्पना प्रत्यक्षात उतरवण्याचे श्रेय मरे नदीकाठच्या रेनमार्क या गावातील थॉमस अँगोव्ह यांना दिले जाते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील या मद्योत्पादकाने १९६५ साली तिचे पेटंट घेतले. अमेरिकेत अशा पिशव्या त्यापूर्वी दहा वर्षे विजेच्या बॅटरीतील आम्ल नेण्यासाठी वापरात आल्या होत्या. अँगोव्ह यांच्या खोक्यात एक गॅलनची पिशवी असे. तिचा कोपरा कात्रीने कापायचा, हवी तेवढी वाइन ओतून घ्यायची आणि तो कोपरा चिमट्याने बंद करायचा, अशी गृहिणीला परिचित वाटावी इतकी साधी रीत होती. चिमट्यातून हवा शिरे हे सांगायला नकोच. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, चार्ल्स माल्पस आणि पेनफोल्ड्स कंपनी यांनी धातूचा मुलामा दिलेल्या पिशवीला हवाबंद तोटी जोडली, आणि आजच्या खोक्याचे स्वरूप सिद्ध झाले.

येथवर वाचल्यावर पिशवी ही बाटलीपेक्षा सर्वथा श्रेष्ठ आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु उघडण्यापूर्वीच्या काळात नेमकी उलट स्थिती असते, आणि सामान्य ग्राहकाची फसगत होते ती याच ठिकाणी. काचेतून प्राणवायू आत जात नाही. प्लॅस्टिकमधून तो अत्यंत मंद गतीने का होईना, सतत झिरपत असतो. पिशवीच्या पापुद्र्यावर धातूचा मुलामा असला तरी वाहतुकीत पिशवी हिंदकळते, तिला घड्या पडतात आणि त्या घड्यांवर मुलाम्याला सूक्ष्म तडे जातात. तोटी आणि तिच्या बुडाचा सांधा ही आणखी एक कच्ची जागा.

या गळतीचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. प्राणवायूपासून वाइनचे रक्षण करण्यासाठी तिच्यात थोडा सल्फर डाय-ऑक्साइड मिसळलेला असतो. साधारण हिशेब असा की आत आलेला प्रत्येक मिलिग्रॅम प्राणवायू या संरक्षकाचे सुमारे चार मिलिग्रॅम खर्ची घालतो. समजा, एका पांढऱ्या वाइनमध्ये लीटरमागे ४० मिलिग्रॅम मुक्त सल्फर डाय-ऑक्साइड आहे. भरण्याच्या क्रियेतच तिला २ मिलिग्रॅम प्राणवायू लागला, म्हणजे ८ मिलिग्रॅम संरक्षक तेथेच संपले व ३२ उरले. संरक्षक १० मिलिग्रॅमपर्यंत उतरले की वाइनचा बचाव जवळजवळ संपला असे समजू. हाती शिल्लक राहिले २२ मिलिग्रॅम. आता पिशवीतून दरमहा लीटरमागे १ मिलिग्रॅम प्राणवायू झिरपतो असे धरले, तर दरमहा ४ मिलिग्रॅम खर्च होऊन ही शिल्लक साडेपाच महिन्यांत संपेल. तीच वाइन चांगल्या बुचाच्या बाटलीत भरली आणि तेथे तेवढाच प्राणवायू आत यायला महिन्याऐवजी वर्ष लागले, तर तीच शिल्लक साडेपाच वर्षे पुरेल. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. तथापि व्यवहारातील अनुभव त्यांच्यापासून फार दूर नाही. पिशवीतील वाइन भरल्यापासून सहा ते नऊ महिन्यांत, फार तर वर्षभरात संपवावी असे उत्पादकही मानतात. उष्ण जागी साठवल्यास ही मुदत आणखी घटते, कारण उष्णतेने झिरपणे आणि रासायनिक क्रिया या दोहोंचाही वेग वाढतो.

म्हणून खोके विकत घेताना द्राक्षांचे नाव वाचण्याआधी भरल्याची तारीख शोधावी. ती सहसा खोक्याच्या तळाशी किंवा कडेला छापलेली असते. बाटलीवरील द्राक्षहंगामाच्या वर्षाशी तिची गल्लत करू नये. वाइन कधी झाली हे ते वर्ष सांगते, पिशवीत कधी शिरली हे ही तारीख सांगते, आणि येथे महत्त्व दुसऱ्या गोष्टीला आहे. ज्या वाइनला वर्षानुवर्षे मुरण्याने गुण येतो ती पिशवीत भरतच नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पिशवीतील वाइन हलक्या प्रतीची असते असा जो समज आहे त्याचे मूळ पिशवीत नसून तिच्यात काय भरले गेले यात आहे. ऑस्ट्रेलियात मरे खोऱ्यातील पाटाच्या पाण्यावर भरघोस पिकणारी स्वस्त द्राक्षे प्रामुख्याने खोक्यांकडे गेली. त्यातच तेथे वाइनवरील कर प्रमाणावर नसून किमतीवर, घाऊक मूल्याच्या २९ टक्के, आकारला जातो. त्यामुळे स्वस्त वाइन अधिकच स्वस्त राहते. स्वीडन आणि नॉर्वे या देशांत मात्र खपणाऱ्या वाइनचा फार मोठा वाटा खोक्यांचा आहे, आणि त्यांत बऱ्यापैकी प्रतीची वाइनही मिळते. शिवाय खराब बुचामुळे बाटलीतील वाइनला येणारा ओलसर पुठ्ठ्यासारखा वास पिशवीतील किंवा डब्यातील वाइनला बुचामुळे येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हे या मापातील वजन विसरता कामा नये.

आता डब्याकडे वळू. ॲल्युमिनियमच्या डब्याची भिंत प्राणवायूला काचेइतकीच अभेद्य असते. भिंत पातळ असल्यामुळे डबा दबू नये म्हणून झाकण बसवण्यापूर्वी आत द्रवरूप नायट्रोजनचा थेंब सोडतात. त्याचा वायू होताना वरची हवा बाहेर ढकलली जाते आणि डब्याला आतून ताठपणा येतो. मग डब्यातील वाइनला पुष्कळदा कुजक्या अंड्याचा वास का येतो? हा प्रश्न उत्पादकांना बराच काळ भेडसावत होता. डब्याच्या आतील बाजूस काही मायक्रॉन जाडीचे लेपन असते, व धातू आणि वाइन यांची गाठ पडू न देणे हे त्याचे काम. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गॅव्हिन सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, वाइनमधील सल्फर डाय-ऑक्साइडचे विद्युत्भाररहित रेणू हे लेपन ओलांडतात, ॲल्युमिनियमशी त्यांची क्रिया होते आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हाच तो कुजक्या अंड्याचा वास. बाटलीत वाइनचे रक्षण करणारा पहारेकरी डब्यात घरभेदी ठरतो तो असा.

असे रेणू किती असतील हे वाइनच्या आम्लतेवर अवलंबून असते. मुक्त सल्फर डाय-ऑक्साइड लीटरमागे ३० मिलिग्रॅम आहे असे धरू. वाइनचा सामू ३.२ असेल, म्हणजे ती अधिक आंबट असेल, तर भाररहित रेणूंचे प्रमाण सुमारे १.२ मिलिग्रॅम भरते, सामू ३.६ असेल तर तेच अर्ध्या मिलिग्रॅमच्या किंचित खाली येते. कॉर्नेलच्या प्रयोगांत अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर असलेल्या वाइनमध्ये चार ते आठ महिन्यांत दुर्गंधी वायूची लक्षणीय वाढ दिसली. यावरून आंबटसर पांढऱ्या वाइनला डब्यात अधिक धोका का, आणि तांबड्या वाइनला सामान्यतः कमी का, याचा उलगडा होतो. डब्यात हवा शिरत नसल्याने संरक्षक कमी ठेवून भागते, हा उपाय त्या शोधातूनच सुचवला गेला.

ग्राहकाने काय करावे? डबा तोंडाला लावू नये. त्या लहानशा भोकातून वाइनचा वास नाकापर्यंत पोहोचत नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. पेल्यात ओतून हुंगावी. वास सौम्य असेल तर पेला थोडा वेळ घोळवल्याने तो उडून जातो. टिकून राहिला तर डबा जुना किंवा सदोष आहे असे समजावे.

किमतीचा हिशेब पिणाऱ्याच्या सवयीवाचून करता येत नाही. समजा, सारख्याच प्रतीची वाइन बाटलीत १२ डॉलरला, तीन लीटरच्या खोक्यात ३० डॉलरला आणि पाव लीटरच्या डब्यात ५ डॉलरला मिळते. दीडशे मिलिलीटरचा पेला धरला तर बाटलीत पाच पेले येतात, दर पेल्यास २ डॉलर ४० सेंट. खोक्यात वीस पेले, दर पेल्यास दीड डॉलर. डब्यात पेला ३ डॉलरला पडतो, म्हणजे सर्वांत महाग. परंतु एकटा मनुष्य एक दिवसाआड एकच पेला घेत असेल, तर बाटलीचा चौथा पेला सातव्या दिवशी येतो. तोवर वाइन बिघडल्यामुळे शेवटचे दोन पेले मोरीत जातात. प्यायलेल्या तीन पेल्यांची किंमत मग प्रत्येकी ४ डॉलर होते आणि महाग वाटणारा डबाही तिच्यापुढे स्वस्त ठरतो. याच मनुष्याला खोक्यातले वीस पेले संपवण्यास जवळजवळ सहा आठवडे लागतील. म्हणजे खोके त्याला पुरते, पण अगदी काठावर. चार माणसे एका पंगतीला बसली असता बाटली त्याच रात्री रिकामी होते, तेव्हा वाइन टिकण्याचा हा प्रश्न उरतच नाही.

उघडलेले खोके, तांबड्या वाइनचे असले तरी, शीतपेटीतच ठेवावे व पिण्यापूर्वी अर्धा तास पेला बाहेर काढून ठेवावा. तोटीच्या तोंडाशी राहिलेला थेंब हवेत आंबतो. म्हणून ते तोंड दर वेळी पुसून घ्यावे, आणि बरेच दिवस खोके वापरले नसेल तर पहिला घोट टाकून द्यावा.