लाल की पिवळा, आधी ते सांग

अगं, गाडी चालवताना डॅशबोर्डवर अचानक एखादा दिवा पेटला की छातीत धस्स होतं, ते मला ठाऊक आहे. मग आपण काय करतो? गाडी कडेला घेतो, फोटो काढतो आणि भावाला, नवऱ्याला, मेकॅनिकला धाडून देतो. 'गाडी चालवू का पुढे?' पण बघ, तो फोटो वाचायला तुलाच यायला हवा. कारण डोंगरात रेंज नसते, मेकॅनिक जेवायला गेलेला असतो, आणि गाडीत तू एकटी असतेस.

परवाचंच सांगते. माझी धाकटी नणंद सावंतवाडीहून आंबोलीमार्गे कोल्हापूरला निघाली होती. घाटाच्या पायथ्याशी दाणोलीला पोचली आणि तिचा फोटो आला. लाल तेलाची झारी, लाल बॅटरी, पिवळं इंजिन, आणखी दोन-तीन चिन्हं, सगळं एकदम पेटलेलं. खाली लिहिलेलं, 'वहिनी, गाडी गेली का?'

मी पहिल्यांदा दिवे बघितलेच नाहीत. मी बघितला इंजिनच्या फेऱ्यांचा काटा, म्हणजे आकडे आणि x1000 लिहिलेलं असतं ना, तो. काटा शून्यावर होता. म्हणजे फोटो काढला तेव्हा इंजिन बंद होतं, नुसती चावी फिरवलेली होती. घाबरून तिने गाडी बंद केली आणि मग फोटोसाठी चावी पुन्हा अर्धी फिरवली. तशी फिरवली की गाडी आपले दिवे जळतात की नाही ते स्वतःच तपासते, म्हणून बरेचसे दिवे लागतात. तेलाचा आणि बॅटरीचा तर इंजिन सुरू होईपर्यंत लागूनच राहतो, कारण इंजिन फिरल्याशिवाय तेलाला दाब येत नाही आणि बॅटरी चार्ज होत नाही. म्हणजे तिच्या फोटोतले बरेचसे दिवे बिघाडाचे नव्हतेच. फोटो वाचताना काट्यापासून सुरुवात कर गं. इंजिन चालू असेल तर उभ्या गाडीत तो साधारण 700 ते 900 फेऱ्यांवर असतो.

मग मी फोन केला आणि एकच विचारलं, 'चालवताना कुठला दिवा लागला होता आणि कोणत्या रंगाचा?' रंगासाठी फोटोवर फार विसंबू नकोस. फोनचा कॅमेरा दिव्याचा उजेड जास्त पकडतो, त्यामुळे लाल दिवा नारिंगी दिसतो आणि पिवळा मधोमध पांढरा. स्क्रीनवर त्या दिव्यावर बोट टेकवून उजेड कमी करून फोटो काढलास तर रंग बराच खरा येतो, पण तुझ्या डोळ्यांनी पाहिलेला रंग त्याहून खरा. आणि दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे, हे तर फोटोत कळतच नाही. त्यासाठी दहा सेकंदांचा व्हिडिओ लागतो.

पण थांब, व्हिडिओआधी एक सांगायलाच हवं. चालवताना लागलेला दिवा लाल असेल आणि त्यातही झारीसारखं चिन्ह असेल, तर फोटोसाठीसुद्धा इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही. खरं सांगू का, लाल झारी दिसूनही इंजिन चालू ठेवायची चूक मी स्वतः केली आहे आणि ती मला अजून टोचते. काही वर्षांपूर्वी एका कच्च्या रस्त्यावर गाडीखाली दगड घासला. आवाज झाला, पण गाडी छान चालत होती म्हणून मी थांबले नाही. पुढे वळणावर झारीचा लाल दिवा क्षणभर लागला नि विझला. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. विझतोय ना, म्हणजे काही नसेल, असं मनाला समजावत मी घरी पोचायची घाई केली. शेवटच्या टप्प्यात इंजिनमधून टकटक ऐकू यायला लागली आणि गाडी बंद पडली. चेंबर चिरला होता, तेल थेंब थेंब गळून गेलं होतं. इंजिन पूर्ण उघडावं लागलं, आणि तो खर्च भरताना आम्ही दोघांनी त्या वर्षीचे बाकीचे सगळे बेत पुढे ढकलले.

तो दिवा वळणावरच का लुकलुकला, ते मला मेकॅनिकने नंतर समजावलं. इंजिनचं तेल तळाशी चेंबरमध्ये साठतं आणि तिथून पंप ते ओढून वर फिरवतो. तेल कमी झालं की वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर ते एका बाजूला सरकतं आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. दाब पडतो, दिवा लागतो. वळण संपलं की तेल परत जागेवर येतं, दिवा विझतो. आत वेगाने फिरणारे दांडे आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, त्या थरावरच ते फिरतात. तो गेला की धातूवर धातू घासतो, आणि मग सगळं बिघडायला फार वेळ लागत नाही. म्हणून झारी लाल दिसली की ती क्षणभर दिसो नाहीतर सतत, जागा मिळेल तिथे कडेला घे आणि चावी बंद कर. 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत' हा विचारसुद्धा करायचा नाही.

मग पाच-दहा मिनिटं थांब, तेल खाली उतरू दे. गाडी सपाट जागी असली पाहिजे. बॉनेट उघड, तेलाची पट्टी बाहेर काढ, जुन्या फडक्याने पुस, परत पूर्ण आत घाल आणि काढून बघ. पट्टीवर दोन खुणा असतात, त्यांच्यामध्ये तेल हवं. लहान गाडीत त्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे साधारण लिटरभर तेल. खालच्या खुणेच्या खाली असेल तर भर घाल, गाडीखाली डाग पडतोय का बघ, आणि सुरू केल्यावर दिवा चटकन विझला तर हळूहळू जवळचं गॅरेज गाठ. डाग पडत असेल किंवा पट्टीवर तेल पुरेसं असूनही दिवा लागला असेल, तर टोइंगवाल्याला बोलव. त्याचे पैसे इंजिनच्या कामापुढे काहीच नाहीत.

तर नणंदेकडे येते. ती म्हणाली, 'वहिनी, चालवताना फक्त पिवळा होता, इंजिनच्या आकाराचा. लाल एकही नव्हता.' मी दोनदा विचारून खात्री केली, मगच तिला गाडी सुरू करायला लावली. सगळे दिवे विझले, एक पिवळं इंजिन तेवढं राहिलं, तेही स्थिर.

हा चेक इंजिनचा दिवा. गाडीच्या संगणकाला इंजिनच्या किंवा धुराच्या कामात काहीतरी वावगं दिसलं, एवढंच तो सांगतो. नेमकं काय, ते तो सांगत नाही. एखादा सेन्सर बिघडला असेल किंवा इंजिन नीट जळत नसेल. इथे मी तिला चार गोष्टी विचारल्या. इंजिन थरथरतंय का? अॅक्सिलरेटर दिला की ओढ नेहमीसारखी आहे का? इंजिनच्या तापमानाचा काही इशारा आहे का? पेट्रोलचा किंवा जळका वास येतोय का? तापमान ठीक होतं, वास नव्हता. पण उभी गाडी जरा हलत होती, आणि गेल्या चढावर ती 'अडखळल्यासारखी' वाटली होती.

हे ऐकल्यावर मी तिला घाट चढू दिला नाही. ती रागावलीच. 'पण दिवा तर स्थिर आहे, तूच म्हणालीस ना, स्थिर असला तर हळू चालवता येते!' म्हणाले होते खरं, आणि सपाट रस्त्यावर ते बरोबरच आहे. पण तिच्या गाडीत तीनच सिलिंडर. त्यातला एक कधीमधी पेटायचा राहतोय, मेकॅनिक ज्याला मिसिंग म्हणतात ते, असं त्या थरथरीवरून वाटत होतं. चढावर इंजिनवर भार येतो आणि कमकुवत ठिणगी अशा वेळीच हमखास चुकते. मग हाच पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. तो भाग लालबुंद होण्याइतका तापू शकतो, आणि तो बदलणं फार महाग पडतं. लुकलुकायला लागला की आधी अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका कर. तरीही थांबत नसेल तर गाडी थांबव, आणि हो, वाळलेल्या गवतावर उभी करू नकोस, खालच्या उष्णतेने ते पेटू शकतं. आता तूच सांग, आंबोलीच्या घाटात, धुक्यात, अरुंद वळणावर हे घडण्यापेक्षा दाणोलीहून मागे फिरलेलं बरं की नाही?

ती फुरंगटून का होईना, मागे फिरली. एसी बंद, वरच्या गिअरमध्ये इंजिन ओढत ठेवायचं नाही, पाय हलका, सावंतवाडीपर्यंत सावकाश. गॅरेजमध्ये स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला तर कोड आला P0302. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. मेकॅनिक भला आणि हुशार होता. त्याने लगेच नवे भाग विकायला घेतले नाहीत. दुसऱ्या सिलिंडरवरची इग्निशन कॉइल काढून पहिल्यावर लावली आणि पहिल्याची दुसऱ्यावर, कोड पुसला आणि गाडी थोडी फिरवून आणली. आता कोड आला P0301. कॉइलबरोबर बिघाडही पहिल्या सिलिंडरवर गेला, म्हणजे दोष कॉइलचाच, प्लगचा किंवा पेट्रोलचा नाही. एक कॉइल बदलली आणि थरथर गेली.

हे तुला एवढं खोलात सांगते, कारण उद्या तुला कोणी दिवा बघूनच 'मॅडम, सगळे प्लग, सगळ्या कॉइल, इंजेक्टर सर्व्हिस' अशी यादी वाचून दाखवली, तर तू शांतपणे विचार, 'कोड काय आला? अदलाबदल करून बघितली का?' आणि स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेव, कोड पुसायच्या आधी. बॅटरीची वायर काढून दिवा घालवून देणारेही भेटतात. दिवा जातो, बिघाड तसाच राहतो, आणि पुढच्या माणसाला वाचायला काहीच उरत नाही.

आता एक काम आजच कर, टाळू नकोस. संध्याकाळी गाडी घरी उभी असताना, ती अगदी ठणठणीत आहे तेव्हाच, चावी फिरव पण इंजिन सुरू करू नकोस, आणि पेटलेल्या सगळ्या दिव्यांचा एक फोटो काढ. मग इंजिन सुरू करून दुसरा. गाडीच्या पुस्तकात या चिन्हांचं पान असतं, त्याचा तिसरा. पहिल्या फोटोत लाल झारी दिसतेय ना ते नीट बघ. ती तिथे पेटत नसेल तर तिचा दिवा किंवा वायरिंग बिघडलेलं असू शकतं, आणि मग खरोखर दाब पडला तरी गाडी तुला काही सांगू शकणार नाही. तसं असेल तर उद्या सकाळी गाडी गॅरेजला, ऑफिसला रिक्षाने जा.