शिफारसपत्र मागताना

1916 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, तेव्हा प्रा. एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले होते. त्या पत्राचे वजन केवळ सेलिग्मन यांच्या कीर्तीत नव्हते. बाबासाहेब 1913 पासून कोलंबियात त्यांच्या नजरेसमोर शिकत होते, म्हणून त्यांना लिहिण्यासारखे काही ठाऊक होते. पुढे 1925 मध्ये बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारेही तेच.

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले आता परदेशी शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करू लागली आहेत आणि शिफारसपत्रापाशी अडखळतात. एका माजी विद्यार्थिनीने प्राध्यापकांना पाठवलेला संदेश आम्हांस दाखविला. त्यात इतकेच होते : "सर, शिफारसपत्र हवे आहे. परवा शेवटची तारीख आहे." सरांचे उत्तर आले नाही. त्यात आम्हांस सरांचा दोष दिसला नाही. दरवर्षी वर्गात साठ मुले येतात. सहा वर्षांपूर्वीची ही कोण, हे सरांनी कशावरून ओळखावे?

आम्ही तिला समोर बसवून विचारले, सरांनी तुझे कोणते काम स्वतः तपासले? बऱ्याच वेळाने तिला तिचा सेमिनार आठवला. मग संदेश असा झाला :

"आदरणीय सर, सादर नमस्कार. मी 2017 ते 2019 या काळात आपल्याकडे इतिहास विषयात एम.ए. करीत होते. चौथ्या सत्रात 'वऱ्हाडातील कापूस आणि शेतमजूर, 1881 ते 1911' या विषयावर मी सेमिनार दिला होता. 1905 मध्ये बासीम जिल्हा मोडला गेल्याने आधीच्या आणि नंतरच्या तक्त्यांची थेट तुलना होत नाही, हे आपण दाखवून दिले होते. मी तालुकानिहाय आकडे वेगळे काढून तक्ते पुन्हा केले. आपण ते स्वीकारले. आता ब्रिटनमधील एका विद्यापीठात आर्थिक इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करीत आहे. संशोधनाची तयारी आणि चूक सुधारण्याची वृत्ती यांविषयी त्यांना शिक्षकाचे मत हवे आहे. माझ्याविषयी अनुकूल पत्र लिहिणे आपणांस शक्य आहे का? नसल्यास निःसंकोच कळवावे. मी अन्य शिक्षकांना विनंती करीन. अंतिम मुदत 10 जानेवारी आहे. आपला होकार आल्यावर विद्यापीठाकडून आपल्या ई-मेलवर दुवा येईल. पत्र तेथेच जोडावयाचे आहे. सेमिनारची प्रत, गुणपत्रिका, माझे निवेदन आणि अभ्यासक्रमाची माहिती सोबत जोडली आहे."

'जय भीम' लिहावे काय, असे तिने विचारले. वर्गात सरांना जसे अभिवादन करीत होतीस तसेच लिही, असे आम्ही सांगितले.

या संदेशातील मर्म बासीमच्या वाक्यात आहे. "मी मेहनती आहे" असे कळविल्याने सरांच्या हाती काहीच पडत नाही. तक्ते पुन्हा केल्याचा प्रसंग मात्र त्यांनी स्वतः पाहिलेला आहे. तो आठवला की पत्राचा मुख्य परिच्छेद ते आपल्या शब्दांत लिहू शकतात. घरची गरिबी, आईची मजुरी हे खरे असले तरी ते सरांनी पाहिलेले नाही. ते अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनात यावे.

नकाराला वाट ठेवणेही आवश्यक आहे. भिडेखातर दिलेले दोन ओळींचे कोमट पत्र न दिल्यासारखेच. किंबहुना वाचणारा त्यातून अनास्थाच ओळखतो.

विनंती मुदतीच्या चार आठवडे आधी जावी आणि आठवडा उरला असता एकदाच नम्र आठवण करावी. होकार येण्यापूर्वी सरांचा पत्ता अर्जात भरू नये. अनपेक्षित दुवा इंग्रजीत येतो आणि अनेकदा नको असलेल्या मेलच्या खणात जाऊन पडतो. पुष्कळ परदेशी विद्यापीठे संस्थेच्या ई-मेलचा आग्रह धरतात. आपल्याकडील कित्येक प्राध्यापकांचा, विशेषतः निवृत्तांचा, तसा पत्ता नसतो. अशा वेळी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला आधीच विचारून घ्यावे; काही ठिकाणी महाविद्यालयाच्या लेटरहेडवरील सही-शिक्क्याचे पत्र चालते.

"तूच लिहून आण, मी सही करतो" ही आपल्याकडची जुनी रीत. ती सोयीची वाटते, पण दोन शिक्षकांची पत्रे एकाच हातची आहेत हे भाषेवरून लगेच कळते आणि अर्जच संशयात सापडतो. असे उत्तर आले तर पत्राऐवजी टिपण न्यावे : वर्ष, विषय, गुण, तो एक प्रसंग. आमच्या या विद्यार्थिनीलाही सरांनी तसेच सांगितले होते. तिने एका पानाचे टिपण आणि सेमिनारची जुनी प्रत नेऊन दिली. प्रतीच्या समासात सरांच्याच हस्ताक्षरात शेरा होता : "बासीम वेगळे करा." तो पाहून सर हसले आणि लिहावयास बसले.