रिकार्डोचे सातवे प्रकरण कसे वाचावे?
(द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्यासाठी लिहिलेले हे टिपण. याच प्रकरणाशी झगडणारे इतरही अनेकजण वर्गात आहेत, म्हणून त्याच्या संमतीने येथे देत आहे.)

प्रिय विद्यार्थीमित्रा,

तुझी वही पाहिली. रिकार्डोच्या 'परदेशी व्यापार' या प्रकरणाची जी पीडीएफ मी वर्गासाठी अपलोड केली होती, तिच्या पहिल्या तीन पानांतील जवळजवळ प्रत्येक इंग्रजी शब्दाचा अर्थ तू पेन्सिलीने समासात लिहिला आहेस. चौथ्या पानापासून समास कोरा आहे. पुढे तू गाईडमधून तुलनात्मक खर्चाच्या सिद्धान्ताची व्याख्या उतरवून घेतलीस आणि खाली लिहिलेस, "मूळ पुस्तक आपल्यासाठी नाही. अर्थशास्त्र सोडावे असे वाटते." विषय बदलण्याचा अर्ज देण्याची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. तेव्हा त्यापूर्वी हे टिपण वाच, आणि मग काय ते ठरव.

तुझी अडचण इंग्रजीची आहे असे तुला वाटते. मला तसे वाटत नाही. तू हे प्रकरण पहिल्या वाक्यापासून वाचू लागलास, आणि या प्रकरणातले सर्वांत अवघड वाक्य नेमके तेच आहे. परदेशी व्यापार वाढला म्हणून देशातील मूल्याची रक्कम लगेच वाढत नाही, मात्र वस्तूंचा साठा पुष्कळ वाढतो, अशा आशयाचे ते विधान आहे. मूल्य वाढत नाही आणि वस्तू मात्र वाढतात, हे कसे? याचे उत्तर रिकार्डोने पहिल्या पानावर उलगडून ठेवलेले नाही. त्याने हे पुस्तक १८१७ साली लिहिले ते मूल्यावरचे आपले पहिले प्रकरण वाचलेल्या माणसासाठी. म्हणून ते पहिले वाक्य तूर्त बाजूला ठेव. आपण तेथे शेवटी जाऊ.

पहिल्या वाचनाला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नकोस आणि शब्दकोश जवळ घेऊ नकोस. आपल्या प्रतीची बावीस पाने केवळ चाळायची आणि रिकार्डो विषय कोठे बदलतो तेथे आडवी रेघ मारायची. परिच्छेदाचा अर्थ लागला नाही तरी तो कशाबद्दल आहे हे दोन-तीन शब्दांवरून कळते. नफा आणि मजुरी हे शब्द जेथवर दाट आहेत तो पहिला भाग. पोर्तुगाल, कापड, दारू हे शब्द येतात तो दुसरा. सोने, नाणी, किंमती यांची गर्दी सुरू होते तो तिसरा. दोन रेघा मारल्यास की हे वाचन संपले. तीन भागांत मधला सर्वांत लहान आहे, आणि साऱ्या जगातील पाठ्यपुस्तके ज्या उदाहरणावर चालतात ते याच भागात, सातव्या-आठव्या पानाच्या सुमारास आहे. दुसरे वाचन तेथूनच सुरू करायचे.

आता शब्दकोश घे आणि कागदावर चार चौकोन आख. वरच्या ओळीत इंग्लंड, खालच्या ओळीत पोर्तुगाल. डावीकडे कापड, उजवीकडे दारू. रिकार्डोचे आकडे असे आहेत. इंग्लंडला ते कापड तयार करण्यास १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, आणि ती दारू स्वतः करू गेल्यास १२० माणसांचे. पोर्तुगालला दारूसाठी ८० माणसे लागतात आणि कापडासाठी ९०. (या परिच्छेदात इंग्रजी स्त्रीलिंगी सर्वनाम येते. ही बाई कोण, असे तू समासात विचारले आहेस. ती बाई म्हणजे इंग्लंड देश. जुन्या इंग्रजीत देशाला स्त्रीलिंग वापरीत.)

येथे एक बारकावा आहे आणि पुष्कळ गाईडांतून तो निसटतो. हे आकडे एका वाराचे किंवा एका पिंपाचे नाहीत. तुझ्या वहीत "एका वारास १०० मजूर" असे आहे. एक वार कापडासाठी शंभर माणसे वर्षभर राबत असतील तर त्या देशात सारे उघडेच फिरतील! रिकार्डो बोलतो आहे तो दोन गठ्ठ्यांबद्दल : इंग्लंडने द्यावयाचे सबंध कापड आणि त्याच्या बदल्यात मिळणारी सबंध दारू. एकाची अदलाबदल दुसऱ्याशी होते, हे त्याने गृहीत धरलेले आहे. एवढे ध्यानात आले की हिशेब वजाबाकीचा उरतो. इंग्लंड १०० माणसांचे कापड देऊन जी दारू आणते ती घरी करण्यास १२० माणसे लागली असती. वाचली २०. पोर्तुगाल ८० माणसांची दारू देऊन जे कापड आणते त्याला घरी ९० लागली असती. वाचली १०. पोर्तुगाल दोन्ही वस्तू इंग्लंडपेक्षा कमी श्रमांत करू शकतो, तरीही कापड विकत घेण्यात त्याचा फायदा आहे.

प्रत्यक्षात त्या काळी यंत्रांच्या बाबतीत इंग्लंड पोर्तुगालच्या पुढे होते. रिकार्डोने मुद्दाम उलटे आकडे धरले आहेत. ते इतिहासाचे आकडे नव्हेत, युक्तिवादाचे आहेत. त्यांवरून त्या दोन देशांच्या खऱ्या परिस्थितीविषयी काही अनुमान काढशील तर फसशील.

चौकोन भरले म्हणजे उदाहरण समजले, असे मात्र समजू नकोस. माझी कसोटी एका प्रश्नाची आहे. दोन्ही वस्तू पोर्तुगालमध्ये कमी श्रमांत होतात, तर इंग्लंडचा कापडवाला आपले भांडवल आणि कामगार घेऊन पोर्तुगालला का जात नाही? याचे उत्तर आकड्यांत नाही. ते आकड्यांच्या पुढच्या-मागच्या परिच्छेदांत आहे, आणि चौकोनावर समाधान मानणारा विद्यार्थी नेमके तेच परिच्छेद गाळतो. म्हणून तिसरे वाचन आकड्यांच्या आधीच्या एका पानाचे आणि नंतरच्या एका पानाचे.

तेथे रिकार्डो म्हणतो की एका देशाच्या आत वस्तूंची परस्पर मूल्ये ज्या नियमाने ठरतात तो नियम दोन देशांमध्ये चालत नाही. देशाच्या आत जेथे नफा अधिक तेथे भांडवल सरकते. त्याचे उदाहरण लंडन आणि यॉर्कशायरचे आहे. तुला मुंबई आणि भिवंडी घ्यायला हरकत नाही. भिवंडीत माग चालवणे स्वस्त पडत असेल तर मालक माग तेथे हलवील आणि दोन ठिकाणच्या नफ्यातील फरक फार दिवस टिकणार नाही. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात तसे झाले असते तर कापड आणि दारू दोन्ही पोर्तुगालमध्येच होऊ लागली असती, आणि त्यात इंग्लंडच्या भांडवलदारांचाही फायदाच झाला असता, हे रिकार्डो स्वतः मान्य करतो. पण तसे होत नाही. भांडवल आपल्या नजरेआड गेले की त्याची शाश्वती वाटत नाही. शिवाय जन्मभूमी सोडून परक्या सरकारच्या व नव्या कायद्यांच्या हाती स्वतःला सोपवणे माणसाला नको वाटते. ही भावना कमजोर झाली तर आपल्याला वाईट वाटेल, असेही तो सांगून जातो. शेअरबाजारात पैसा मिळवलेल्या माणसाचे हे वाक्य आहे. मला ते फार आवडते.

म्हणजे साऱ्या युक्तिवादाचा खिळा येथे आहे. माल सीमा ओलांडतो, भांडवल सहसा ओलांडत नाही. हा खिळा काढला तर १०० ला ८० ही अदलाबदल टिकत नाही. आज भांडवल एका दिवसात देश बदलते, तेव्हा हा सिद्धान्त कितपत लागू पडतो, हा प्रश्न परीक्षेत आला तर उत्तर याच पानावरून सुरू करावे लागेल. गाईडमधील व्याख्येवरून ते सुरूच होणार नाही.

आता पहिल्या वाक्याकडे परत ये. रिकार्डोच्या हिशेबात वस्तूचे मूल्य म्हणजे ढोबळमानाने तिच्यात खर्ची पडलेले श्रम, आणि परदेशातून आणलेल्या वस्तूचे मूल्य म्हणजे तिच्या बदल्यात आपण दिलेल्या मालातील श्रम. व्यापाराआधी इंग्लंड दोन्ही वस्तूंवर मिळून २२० माणसे लावीत होते. व्यापारानंतर २०० माणसे कापडच करतात. निम्मे कापड घरी राहते, निम्म्याच्या बदल्यात तीच दारू मिळते. उरलेली २० माणसे आणखी काही तरी करतील. श्रम पूर्वी २२० माणसांचे होते, आताही २२० माणसांचेच आहेत. म्हणून मूल्याची बेरीज तीच राहिली. पण कापड तेवढेच, दारू तेवढीच, आणि वर त्या २० माणसांनी केलेला माल. मूल्य वाढले नाही, वस्तू वाढल्या. ज्या वाक्यावर तू तीन दिवस अडलास ते या चार चौकोनांत बसते.

यानंतर पहिल्या भागातील नफ्याची चर्चा तुला जड जाणार नाही. व्यापाराने नफ्याचा सर्वसाधारण दर वाढतो असे म्हणणाऱ्यांना रिकार्डो तेथे उत्तर देत आहे. त्याच्या मते मजुरी उतरली तरच नफ्याचा दर वाढतो, आणि मजुरी उतरते ती मजुराच्या गरजेच्या वस्तू स्वस्त झाल्या तर. धान्य स्वस्त आले तर नफा वाढेल. दारू, मखमल, रेशीम निम्म्या किंमतीत आले तरी मजुरी हलणार नाही आणि नफ्याचा दरही नाही. वाचताना स्वतःला विचार, मग पोर्तुगालच्या दारूने इंग्लंडमधील नफ्याचा दर वाढला का? याचे उत्तर तुला स्वतःच देता आले तर पहिला भाग झाला.

तिसरा भाग, सोन्याचांदीचा, मी यंदा तुला सोडायला सांगतो. फक्त एक इशारा. तेथे स्कॅनमध्ये 45l. असे दिसेल. ते चारशे एक्कावन्न नव्हे. जुन्या छपाईत पौंडाची खूण म्हणून आकड्यापुढे छोटे इंग्रजी एल अक्षर छापीत, म्हणजे हे पंचेचाळीस पौंड झाले. तुझ्या मित्राने ४५१ धरून हिशेब केला आणि पोर्तुगालचे दिवाळे काढले! इंग्लंडने दारू करण्याची नवी युक्ती शोधली तर काय होईल, असा तेथील प्रश्न आहे. दारूची आयात थांबते, कापडाची किंमत पोर्तुगालला नाण्यांत चुकवावी लागते, नाणी इंग्लंडकडे वाहतात आणि दोन्हीकडच्या किंमती बदलतात. एवढे पुरे.

गुरुवारी चार वाजता स्टाफरूममध्ये ये. वही आणू नकोस. चार चौकोनांचा कागद आण, आणि कापडवाला पोर्तुगालला का गेला नाही हे मला मराठीत, पाच वाक्यांत सांग. विषय बदलण्याचा अर्ज सोबत आणायचा असेल तर जरूर आण. सही मी त्यानंतर करीन.