शेवग्याच्या पाल्याची भुकटी : किती घ्यावी व कोणी जपून घ्यावी

शेवग्याच्या पाल्याच्या भुकटीत पालकाच्या कितीतरी पट लोह असते, असे वेष्टनांवर छापलेले आढळते. ही तुलना वाळलेल्या भुकटीची ओल्या भाजीशी केलेली असते. पाला वाळविताना पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. त्यामुळे शंभर ग्रॅमचा आकडा फुगतो. पण शंभर ग्रॅम भुकटी कोणीही एका दिवसात खात नाही.

म्हणून हिशेब चमच्याने करावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम व साडेचार मिलिग्रॅम लोह असते. देठ काढलेल्या एक किलो पाल्याची भुकटी साधारण सव्वादोनशे ग्रॅम उतरते. चहाचे दोन सपाट चमचे, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम भुकटी, हा मूठभर पाल्याचाच ऐवज होय. त्यातून सुमारे ७० मिलिग्रॅम कॅल्शियम व १ मिलिग्रॅम लोह मिळते. प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस १००० मिलिग्रॅम कॅल्शियम व २९ मिलिग्रॅम लोह अशी आहे. यावरून भुकटी ही आहारातील भर आहे, पंडुरोगावरील औषध नव्हे, हे ध्यानात येईल. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तिच्या भरवशावर बंद करू नयेत.

पाला धुऊन, पाणी निथळून, स्वच्छ कापडावर सावलीत पातळ पसरावा व अधूनमधून हलवावा. उन्हात वाळविल्यास लोह जात नाही, पण अ जीवनसत्त्व बरेच नष्ट होते व रंग पिवळट पडतो. पान चुरल्यावर कुरकुरीत मोडले पाहिजे. ते नुसते दुमडले, तर ओल राहिली असे समजावे. अशी भुकटी डब्यात गोळा होते व बुरसते. बुरसलेली भुकटी टाकूनच द्यावी.

प्रारंभ अर्ध्या चमच्याने करावा, नाहीतर काहींचे पोट बिघडते. भुकटी भाकरीच्या पिठात मळावी किंवा आमटीत शेवटी घालावी. वर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते; जेवणावर लगेच चहा घेतल्यास उलट घडते.

अवटू ग्रंथीच्या (थायरॉइडच्या) विकारावर गोळी घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. कॅल्शियम व लोह त्या गोळीतील द्रव्याला आतड्यात बांधून ठेवतात व ते रक्तात कमी पोचते. समजा, एखादी भगिनी सकाळी सहा वाजता उपाशीपोटी गोळी घेते. तिने सातच्या न्याहारीत भुकटी घालू नये. निदान चार तासांचे अंतर ठेवून दुपारच्या भाकरीत घ्यावी. शिवाय, पानांच्या अर्काने या ग्रंथीच्या संप्रेरकांवर परिणाम होतो असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा रोज घ्यावयाची असल्यास डॉक्टरांना सांगून पुढील रक्ततपासणी चुकवू नये.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना भुकटीमुळे दाब आणखी उतरण्याचा संभव असतो. उठताना भोवळ येऊ लागल्यास भुकटी थांबवून दाब मोजून घ्यावा. गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नये. पाल्यात पोटॅशियमही पुष्कळ असते व रक्तदाबावरील काही गोळ्या ते शरीरात साठवितात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी या कारणाने वैद्यकीय सल्ल्यावाचून ती घेऊच नये. गर्भवतींनी शेवग्याची साल व मूळ पूर्णपणे वर्ज्य मानावे.