१३ आठवड्यांचं कॅश फ्लो शीट: उधारी नक्की कुठल्या आठवड्यात लिहायची?

व्हिडिओत शीट कसं बनवायचं ते दाखवलं. इथे त्यातली सगळ्यात जास्त होणारी चूक माझ्या इलेक्ट्रिकल दुकानाच्या आकड्यांवरून बघू.

शीट सोपं आहे. १३ आठवडे म्हणजे एक तिमाही, म्हणून B ते N असे १३ कॉलम. ओळी सहा: २ सुरुवातीची शिल्लक (गल्ला + बँक), ३ रोख विक्री, ४ उधारीची वसुली, ५ होलसेलरचं देणं, ६ ठरलेले खर्च, ७ शेवटची शिल्लक.

```
B7: =B2+B3+B4-B5-B6
C2: =B7
```

दोन्ही फॉर्म्युले उजवीकडे ओढा. सगळे आकडे जीएसटी धरून लिहा, कारण बँकेतून रक्कम तशीच येते-जाते. ठरलेले खर्चही त्यांच्या तारखेच्या आठवड्यात टाका. माझं भाडं आणि पगार पहिल्या आठवड्यात, कर्जाचा हप्ता दुसऱ्या, जीएसटी भरणा तिसऱ्या आठवड्यात. महिन्याच्या खर्चाला चारने भागून सारखं वाटलं, तर खड्डा दिसतच नाही.

आता मुद्द्याचं. एका कॉन्ट्रॅक्टरला मी ६०,००० रुपयांचं बिल दिलं, मुदत ३० दिवस. म्हणून ते मी पाचव्या आठवड्यात लिहिलं:

- सुरुवातीची शिल्लक ४०,०००
- रोख विक्री ४५,०००
- वसुली ६०,०००
- होलसेलर ६०,०००
- भाडं, पगार ५५,०००
- शेवटची शिल्लक ३०,०००

छान वाटतंय ना? मग मी त्याच पार्टीची मागची तीन बिलं काढली. पैसे आले होते ४५, ५० आणि ५५ दिवसांनी. सरासरी ५० दिवस. म्हणजे हे ६०,००० पाचव्या नाही, आठव्या आठवड्यात येणार. आकडा तिकडे हलवला आणि पाचव्या आठवड्याची शिल्लक झाली उणे ३०,०००! विक्री तीच, नफा तोच, फक्त आठवडा बदलला.

पण हे चार आठवडे आधी कळलं. मी होलसेलरला तेव्हाच फोन केला: "शेठ, पाचव्या आठवड्यात निम्मे देतो, निम्मे आठव्यात." ३०,००० पुढे गेले, शिल्लक शून्यावर आली. शून्यावर दुकान चालत नाही, म्हणून कॉन्ट्रॅक्टरकडून त्याच आठवड्यात २०,००० ॲडव्हान्स मागून घेतले. चेक परत गेल्यावर हाच फोन केला असता, तर शेठनी उधार बंद केलं असतं.

दर सोमवारी संपलेल्या आठवड्याचे खरे आकडे भरा आणि शेवटी एक नवा आठवडा जोडा. अंदाज आणि खरं यात एकाच पार्टीमुळे सारखा फरक पडत असेल, तर तिचे दिवस बदला. नवव्या आठवड्यापुढचे आकडे ढोबळच असतात. त्यांच्या भरवशावर माल भरू नका.

आज एवढंच करा: तुमच्या सगळ्यात मोठ्या उधारीवाल्याची शेवटची तीन बिलं काढा आणि दिवस मोजा.