वास आधी जातो, सावली शेवटी

छातीचा डॉक्टर म्हणून मी आठवड्यातले चार दिवस शिरूरला आणि दोन दिवस दौंडला बसतो. दोन्हीकडे ऊस. गळीत हंगाम लागला की ट्रॅक्टर, जागरणं आणि दारू ओघानं येतात, आणि त्यांच्या मागोमाग फुप्फुसातल्या गळवाचा एखादा तरी रुग्ण येतोच. अशाच एकाच्या आधारानं पाच गोष्टी सांगतो.

१. नाकाला आधी कळतं

न्हावऱ्याकडचा ट्रॅक्टर ड्रायव्हर, वय ४६. तो आत येण्याआधीच बाहेरच्या बाकावरची माणसं उठून लांब उभी राहिली होती. दोन आठवडे ताप, उजव्या कुशीत दुखणं आणि कोरडा खोकला. मग एका पहाटे खोकल्याची मोठी उबळ आली आणि कपभर घाण बेडका पडला. तेव्हापासून रोज तेच. बायको म्हणाली, "डॉक्टर, उंदीर मेल्यासारखा वास येतो. सासूबाईंनी खाट ओसरीवर टाकलीय."

तिनं निदान जवळजवळ सांगूनच टाकलं होतं. हा वास प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंचा, आणि ते राहतात हिरड्यांच्या फटींत. पहिले दोन आठवडे वास नव्हता, कारण पू फुप्फुसात कोंडलेला होता. गळू श्वासनळीत फुटलं तेव्हा तो बाहेर आला. पण वास नाही म्हणजे गळू नाही, असं मात्र धरू नये. जवळपास निम्म्या रुग्णांना तो येतच नाही.

२. "दारू पिता का?" हा प्रश्न चुकीचा

या प्रश्नाचं उत्तर बायकोसमोर कोण देणार? मी विचारतो, "महिन्याभरात कधी शुद्ध हरपली होती का? फिट, चक्कर, ऑपरेशनची भूल, काहीही?" ड्रायव्हर गप्प राहिला. बायको औषधं आणायला गेल्यावर भावानं सांगितलं, "तीन आठवड्यांपूर्वी वरातीत जास्त झाली. ट्रॉलीतच उताणा पडला. सकाळी बघितलं तर अंगावर उलटी."

शुद्धीतल्या माणसाच्या घशात काही चुकीच्या वाटेनं गेलं तर ठसका लागतो. बेशुद्धीत तो लागत नाही, आणि तोंडातली घाण सरळ खाली उतरते. तिथं आधी न्यूमोनिया होतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी मांस सडून पोकळी पडते. तारखा जुळत होत्या. तोंड उघडायला लावलं. मिश्रीनं काळे पडलेले दात आणि दाबताच पू येणाऱ्या हिरड्या. इथं एक उलटी खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. तोंडात एकही दात नसलेल्या माणसाला असं गळू झालं, तर मी आधी कॅन्सरनं श्वासनळी अडलीय का ते बघतो.

३. फोटो उभ्यानंच काढायचा

त्यानं आणलेला फोटो झोपवून काढलेला होता. त्यात उजवीकडे नुसता पांढरा डाग. उभं करून पुन्हा काढला, तर सहा सेंटिमीटरची जाड भिंतीची पोकळी आणि तिच्यात आडवी सरळ रेघ. अर्ध्या भरलेल्या कळशीत पाणी कसं दिसेल, तशी. वर हवा, खाली पू. आडव्या माणसात ही रेघ दिसतच नाही.

जागाही बोलकी होती, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागाचा वरचा, पाठीकडचा तुकडा. उजवी श्वासनळी जास्त सरळ आणि रुंद, आणि उताणं झोपल्यावर हाच भाग सगळ्यात खाली येतो.

आमच्याकडे छातीत पोकळी दिसली की घरचे टीबी गृहीत धरतात. ते चूकही नाही, म्हणून बेडका सीबीनॅटसाठी पाठवला. तो जाईपर्यंत लेव्होफ्लॉक्सासिनला हात लावला नाही. ते टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबतं आणि खरा टीबी लपून बसतो. टीबी निघाला नाही.

मग पुण्याला सिटी स्कॅन. भावाला तो खर्च नको होता. पण पू फुप्फुसात आहे की फुप्फुसाबाहेरच्या आवरणात, हे साध्या फोटोवर कधीकधी कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांविरुद्ध आहेत. आवरणात पू असेल तर नळी लगेच घालावी लागते. फुप्फुसात असेल तर नळीची घाई करायची नाही, कारण सुईच्या वाटेनं पू स्वच्छ आवरणात सांडू शकतो. पायावरचं गळू चिरतात तसं हे चिरायचं नसतं. याला श्वासनळीची मोरी आधीच मिळालेली आहे. स्कॅनमध्ये पोकळी गोल होती आणि छातीच्या भिंतीला लघुकोनात टेकत होती, म्हणजे फुप्फुसातलीच. नळी अडवणारी गाठ नव्हती.

रात्री उजव्या कुशीवर झोपायला सांगितलं. डाव्या कुशीवर झोपला तर पू चांगल्या फुप्फुसात उतरला असता.

४. खाट आत आली की गोळ्या बंद होतात

माझ्याकडे येण्याआधी त्याचा तीन दिवसांचा ॲझिथ्रोमायसिनचा कोर्स झाला होता आणि मग नुसती मेट्रोनिडाझोल. हे दुसरं औषध प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूंवर चांगलं, म्हणून अनेकांना तेवढंच पुरेसं वाटतं. पण गळवात त्यांच्या सोबतीला तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस असतात आणि त्यांना ते लागू पडत नाही. एकटं दिलं तर निम्म्याच्या आसपास रुग्णांत ते फसतं. आम्ही ॲम्पिसिलिन-सलबॅक्टमची इंजेक्शनं दर सहा तासांनी सुरू केली.

पाचव्या दिवशी वास गेला. आठव्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी फोटो काढला आणि भाऊ घाबरला, कारण पोकळी आधीपेक्षा मोठी दिसत होती. पू बाहेर पडला होता आणि त्याची जागा हवेनं घेतली होती, एवढंच. रुग्ण जेवतोय, ताप नाही, बेडका कमी झालाय, तर अशा फोटोला भिऊन औषध बदलायचं नाही. नळी किंवा शस्त्रक्रिया लागते ती दहा-चौदा दिवस योग्य औषध देऊनही ताप न हटणाऱ्यांना. असे दहातले एखाद-दोन.

घरी सोडताना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेटच्या ६२५च्या गोळ्या दिल्या, दिवसातून तीन. बाराव्या दिवशी सासूबाईंनी खाट आत घेतली. मला धास्ती याच दिवसाची असते. नवीन होतो तेव्हा दौंडच्या एका रुग्णाचं औषध मीच दहा दिवसांत थांबवलं होतं. वास नाही, ताप नाही, मग कशाला? तिसऱ्या आठवड्यात तो तोच वास घेऊन परत आला. पोकळीच्या भिंतीत जंतू तग धरून होते. तेव्हापासून मी औषध दिवस मोजून थांबवत नाही, फोटो बघून थांबवतो. पोकळी बुजेपर्यंत, किंवा लहानसा न बदलणारा व्रण उरेपर्यंत. याला तीन आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने.

ड्रायव्हरला रिकाम्या पाकिटांसकट यायला सांगितलं होतं. चौथ्या आठवड्यात दोन पाकिटं भरलेली निघाली. "बरं वाटत होतं," तो म्हणाला. सहाव्या आठवड्याच्या फोटोत पोकळी दोन सेंटिमीटरवर आली होती. तेव्हा ती तशीच राहिली असती, तर दुर्बिणीनं श्वासनळी बघणार होतो. नवव्या आठवड्यात फक्त एक बारीक रेघ उरली, आणि गोळ्या बंद केल्या.

५. दात

तीन दात काढावे लागले. त्या दिवशी तो एकटाच आला होता, तेव्हा दारूचं पुन्हा विचारलं. "कमी केलीय," म्हणाला. खरं-खोटं त्याला ठाऊक. बायकोला मी एवढंच सांगून ठेवलंय की झिंगून आला तर उताणा झोपू देऊ नका, कुशीवर वळवा.