तिळगुळातला दाण्याचा कूट

माझ्या पोराला शेंगदाणा चालत नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना तर पक्कं ठाऊक. तरी संक्रांतीला वर्गात वाटलेला तिळगूळ त्याने खाल्ला. तिळाच्या लाडवात दाण्याचा कूट असेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे कूट कशात नसतो म्हणा! साबुदाण्यात, चटणीत, वांग्याच्या रश्श्यात. म्हणून ‘दाणे देऊ नका’ एवढं सांगून भागत नाही. चुकून पोटात गेलंच तर कोणी काय करायचं, ते आधी कागदावर हवं.

झालं असं की थोड्याच वेळात त्याचं तोंड खाजायला लागलं, मग मानेवर नि पोटावर गांधी उठल्या. बाईंनी ॲलर्जीची गोळी दिली आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा गांधी बसत आल्या होत्या. ‘आता बरा आहे न ताई,’ बाई म्हणाल्या. पण पोरगा सारखा खोकत होता, आवाज घोगरा झाला होता, एकदा ओकला होता आणि एका जागी कधी न बसणारं पोर भिंतीला टेकून पेंगत होतं. सगळ्यांची नजर कातडीवर, आणि बिघडत होता श्वास. भंडाऱ्याला दवाखान्यात मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिल्यावर खोकला ओसरला.

ॲलर्जीची गोळी खाज आणि गांधी कमी करते. सुजलेली श्वासनळी ती मोकळी करत नाही, घसरलेला रक्तदाबही उचलत नाही. ते काम ॲड्रेनॅलिनचंच, आणि तेही वेळेत. अमेरिकेत 1992 साली अन्नाच्या ॲलर्जीने मरणाच्या दारात गेलेल्या 13 मुलांचा अभ्यास छापून आला होता. त्यातली 6 दगावली, त्यांतल्या चौघांना त्रास शाळेत सुरू झाला होता. या सहांपैकी फक्त दोघांना पहिल्या तासात ॲड्रेनॅलिन मिळालं होतं. वाचलेल्या सातांपैकी सहा जणांना ते अर्ध्या तासाच्या आत मिळालं होतं.

डॉक्टरांनी लिहून, सही करून दिलेला आमचा कागद आता वर्गात आणि स्वयंपाकघरात लावलेला आहे. वर पोराचा फोटो आणि वजन. नुसती खाज किंवा थोड्या गांधी असतील तर गोळी द्यायची आणि मोठ्या माणसाने जवळून हलायचं नाही. पण दाणा पोटात गेल्यावर सारखा खोकला, घरघर, घोगरा आवाज, गिळायला त्रास, जीभ सुजणं, चक्कर किंवा गळून जाणं यांतलं एक जरी दिसलं, किंवा गांधींसोबत ओकाऱ्या लागल्या, तर आधी इंजेक्शन आणि मग फोन. आईला विचारायला थांबायचं नाही, हे मी स्वतः त्यावर लिहून दिलंय.

परदेशात मांडीला दाबलं की आपोआप टोचणारं पेन मिळतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, काचेची कुपी आणि सिरिंज यावरच भागवावं लागतं. खरा धोका इथेच आहे. कुपीत 1 मिलीला 1 मिलिग्रॅम औषध असतं आणि मुलाला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम लागतं. माझा पोरगा 20 किलोचा, म्हणजे 0.2 मिली, कुपीचा फक्त पाचवा भाग. घाईत अख्खी कुपी भरली तर पाचपट डोस जाईल. म्हणून शाळेतल्या औषधाच्या डब्यात 1 मिलीच्याच सिरिंज ठेवल्या आहेत आणि डॉक्टरांनी त्यांवर 0.2 ला लाल रेघ मारून दिली आहे. इन्सुलिनची सिरिंज चालत नाही. तिच्या खुणा वेगळ्या असतात, सुईही आखूड, स्नायूपर्यंत पोचत नाही. टोचायचं मांडीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला. दोन शिक्षकांनी डॉक्टरांसमोर कुपी फोडायचा आणि पाणी भरून मोजायचा सराव केला. नुसतं वाचून ते जमत नाही.

टोचल्याची वेळ पोराच्या हातावर पेनाने लिहायची. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसऱ्या कुपीतून तेवढाच डोस.

मग 108. आमची शाळा कारध्याला, तिथून भंडारा म्हणजे वैनगंगा ओलांडली की आलंच, त्यामुळे कोणीही पोराला गाडीवर दोघांच्या मधे बसवून पळेल. तेच करायचं नाही. रक्तदाब घसरलेला असताना उभं केलं किंवा पाय लोंबते ठेवून बसवलं, तर हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं आणि मूल जागीच कोसळू शकतं. त्याला आडवं निजवून पाय उंच ठेवायचे, ओकत असेल तर कुशीवर; दम लागत असेल तर पाय लांब करून बसवायचं, पण चालवायचं नाही. रुग्णवाहिकेला उशीर असेल तर चारचाकीत मागच्या सीटवर निजवून न्यायचं, आणि पावसाळ्यात जुन्या लहान पुलाच्या वाटेला जायचं नाही.

बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबवून घ्यावं, त्रास उलटून येऊ शकतो.

डबा कुलपात नसतो, खिडकीच्या उन्हातही नसतो. औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं की टाकून द्यायचं, मग तारीख उरलेली का असेना. जूनमध्ये शाळा उघडली की पोराचं वजन करून कागद नवा लिहून घेतो. 25 किलो भरलं की डॉक्टर लाल रेघ 0.25 वर सरकवतील.